‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ छापलं की झालं का?

दोन महिने झाले, माझा राग अजून गेलेला नाही. ताईच्या लेकीचा चेहरा बघितला की पुन्हा डोकं फिरतं. पोरीचा साखरपुडा ठरला होता. पार्लरवालीने काउंटरखालून एक पांढरी डबी काढून दिली आणि म्हणाली, ‘जडीबुटीची आहे, साइड इफेक्ट शून्य, रात्री लावून झोप.’ साडेचारशे रुपये घेतले, बिल दिलं नाही. चौथ्या दिवशी पुटकुळ्या बसल्या, लाली गेली, गाल काचेसारखे तुकतुकीत दिसायला लागले. घरात सगळे खूश. मीही ‘बघ किती छान दिसतेस’ म्हटलं, आणि ते आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

चार दिवसांत! हळद, कोरफड आणि केशर लावून चार दिवसांत सुजलेली पुटकुळी सपाट होत नाही हो. इतक्या झपाट्याने लाली, खाज, सूज उतरली की पहिला संशय स्टेरॉइडचा घ्यायचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही त्यांची नावं. डॉक्टरांच्या हातात ती औषधं आहेत, ठरावीक आजाराला, ठरावीक दिवस लावायची. चेहऱ्यावर महिना-दीड महिना चोपडली की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर लव वाढते, मुरुमं येतात. आणि बंद केली की चेहरा पेटतो.

आमच्याकडे अगदी तसंच झालं. सहाव्या आठवड्यात डबी संपली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी रडत उठली, गाल लालभडक. साधं पाणी लागलं तरी आग, उन्हात जाता येईना. ताई तिला घेऊन पार्लरमध्ये गेली, तर ती बाई काय म्हणाली? ‘आतलं विष बाहेर पडतंय, बंद केलं म्हणून त्रास होतोय, आणखी एक डबी न्या.’ पुन्हा लावली, आग शमली, आणि या सगळ्यांना वाटलं बाई बरोबरच बोलली! अहो, स्टेरॉइड परत मिळालं म्हणून शमली. ‘लावलं की बरं, सोडलं की दुप्पट’, हीच तर खूण. शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी चेहरा बघून काय झालंय ते सांगितलं, डबीत नक्की काय आहे ते प्रयोगशाळाच सांगेल म्हणाल्या, आणि क्रीम कशी सोडायची तेही लिहून दिलं. बरं व्हायला महिने लागणार आहेत.

मला सगळ्यात चीड कशाची येते सांगू? ‘कानामागे लावून चोवीस तास बघा, काही झालं नाही तर सुरक्षित’ या सल्ल्याची. स्टेरॉइड असेल तर कानामागे काही होणारच नाही! रिअॅक्शन दाबणं हेच तर त्याचं काम. आणि पारा असेल तरी कानामागे काय दिसणार? तो कातडीतून आत जातो आणि किडनीत साठतो. २०२३ मध्ये बातमी आली होती, अकोल्याच्या एका मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला गोरेपणाच्या क्रीममुळे किडनीचा आजार झाला, मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली आणि क्रीममध्ये पारा निघाला. तीही स्थानिक ब्यूटिशियनकडूनच आणलेली होती. आपल्याकडच्या नियमाने डोळ्यांच्या प्रसाधनांचा एक अपवाद सोडला तर सौंदर्यप्रसाधनात चुकून आलेला पारासुद्धा एक पीपीएमच्या, दहा लाख भागांत एका भागाच्या, वर चालत नाही. म्हणजे तीस ग्रॅमच्या डबीत मिलिग्रॅमच्या तीन शतांश. पारा मुद्दाम घातला की तो या हिशोबात राहतच नाही, कारण रंग उजळायला तो चांगला भरपूर लागतो.

मग मी ती डबी भिंग घेऊन वाचली. पुढे हिरवं पान, ‘हर्बल’, ‘जीएमपी’, ‘आयएसओ’, ‘केमिकल फ्री’. मागे ‘मार्केटेड बाय’ आणि एक मोबाइल नंबर. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही. घटकांत ‘कोरफड, हळद, केशर, क्रीम बेस’. या ‘क्रीम बेस’ शब्दाखाली काय वाटेल ते लपतं!

आयुर्वेदिक औषध असेल तर वेष्टनावर ‘आयुर्वेदिक औषध’ असं लिहिलेलं लागतं, घटकांची खरी यादी, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेला उत्पादन परवाना क्रमांक. हा क्रमांक सहसा ‘एम. एल.’ या अक्षरांनंतर येतो. चेहऱ्याची क्रीम सौंदर्यप्रसाधन म्हणून विकत असतील तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना वेगळा. बाहेरच्या देशातली असेल तर आयात नोंदणी क्रमांक हवा. ‘आयएसओ’ हा यातला कुठलाच परवाना नाही, तो फक्त कारखान्याच्या कारभाराचा दाखला, तोही खरा असला तर. आणि ‘मार्केटेड बाय’ म्हणजे विकणारा. बनवणारा कोण ते सांगा ना!

परवाना क्रमांक दिसला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की त्या कारखान्याला ते उत्पादन बनवायची मुभा आहे. तुमच्या हातातली डबी कुणी तपासली असा नाही. क्रमांक दुसऱ्याचा उचलून छापताही येतो. म्हणून त्या राज्याच्या परवाना अधिकाऱ्याला नाव, पत्ता आणि क्रमांक तिन्ही जुळवून विचारायचं. ‘हेवी मेटल टेस्टेड’ लिहिलेलं असलं तर रिपोर्टवर याच बॅचचा नंबर आहे का ते बघायचं. आणि ध्यानात ठेवा, त्या रिपोर्टमध्ये शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा हे चार असतात. स्टेरॉइडची तपासणी वेगळी असते, ती मागितल्याशिवाय कुणी करत नाही. आयुर्वेदिक परवान्यावर स्टेरॉइड घालणं बेकायदा आहे, पण बेकायदा आहे म्हणून कुणी थांबलंय का?

आयुर्वेदिक औषध विकायला विक्रीचा परवानाच लागत नाही! बनवायला लागतो, विकायला नाही. म्हणून किराणावाला विकतो, पार्लरवाली विकते, शेजारची वहिनी व्हॉट्सअॅपवर विकते. आणि आपण विचारलं तर ‘आयुर्वेदावर विश्वास नाही का तुमचा?’ म्हणून आपल्यालाच गप्प करतात. माझी आजी उटणं स्वतः कुटायची. या डबीचा त्या उटण्याशी काडीचा संबंध नाही. आयुर्वेदाचं नाव खराब करताय तुम्ही, आम्ही नाही.

डबी फेकून द्यायला निघाली होती ताई. मी हिसकावून घेतली. सौंदर्यप्रसाधन विकत घेणाऱ्या माणसाला ते फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे. बिल नाही ही आमची चूक, ते दुसऱ्या डबीच्या वेळी तरी मागायला हवं होतं. पण यूपीआयची नोंद आहे, डबीचे चारी बाजूंनी फोटो आहेत, पार्लरवालीने ‘विष बाहेर पडतंय’ म्हणून पाठवलेला मेसेज आहे. सोमवारी मी स्वतः हे सगळं घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाणार आहे, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.