ग्लुकोजची एक बाटली लावून भागत नाही

"उलट्या जितक्या जास्त तितका गर्भ पक्का. सगळ्याच बायांना होते, तीन महिने काढायचे. गोळी देऊ नका, पोरावर परिणाम होतो. फारच गळून गेली तर गावातच ग्लुकोजची एक बाटली लावा, भरती करायचं काम नाही."
(गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मेसेज)

पहिल्या वाक्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. ज्यांना मळमळ होते त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण कमी दिसतं. पण म्हणून उलट्या वाढल्या की गर्भ आणखी पक्का, असा हिशेब निघत नाही. द्राक्षगर्भात तर अनेकदा बाळच नसतं, वारेची नुसती विकृत वाढ असते, आणि तरीही बाई ओकून ओकून बेजार होते. त्रास कशाने होतो हेही आता बरंच कळलं आहे. वार आणि गर्भाकडून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि ते मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवतं. गरोदरपणाआधी जिच्या अंगात ते कमी असतं तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला जास्त त्रास होतो, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. तेव्हा "नाटकं करते" म्हणणाऱ्या सासूबाईंनाही यात उत्तर आहे.

बहुतेकींना होते ती मळमळ वेगळी. ती साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास जोरात असते आणि सोळाव्यापर्यंत बहुतेकींची ओसरते. मधल्या वेळात बाई भाकरीचा तुकडा खाते, पाणी पिते, लघवीला जाते. एवढ्यावर असेल तर आलं, लिंबू, थोडं थोडं खाणं, फोडणीच्या वासापासून लांब राहणं, हे सगळं ठीकच आहे. वजन एखाद्या किलोने हललं तरी घाबरायचं कारण नाही.

दुसरा प्रकार ओळखायला माता-बाल संरक्षण कार्ड काढा. समजा, सातव्या आठवड्यात नोंदणी झाली तेव्हा वजन 46 किलो होतं आणि नवव्या आठवड्याच्या शेवटी त्याच काट्यावर 43.4 भरलं. 2.6 किलो गेले, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून जास्त. पाच टक्क्यांच्या वर वजन घटलं, पोटात काही ठरत नाही आणि बाई खाटेवरून उठत नाही, तर ती साधी मळमळ राहिली नाही. पण पाच टक्के भरायची वाटही पाहत बसू नये.

कारण पाणी वजनाच्या आधी कमी होतं. पहिला प्रश्न विचारायचा तो लघवीचा: सकाळपासून किती वेळा झाली आणि रंग कसा होता? आठ तास लघवीच नाही, किंवा झाली ती थोडीशी आणि गडद पिवळी, तर पाणी कमी पडलं आहे. जीभ कोरडी, ओठ फाटलेले. बसलेली असताना मनगटाची नाडी मोजा, मग उभं करून मिनिटाभराने पुन्हा मोजा. ठोके तीसेक वाढले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थेट दवाखाना. एक पुडी ओआरएस एक लिटर पाण्यात कालवून दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-चमचा द्यायचं. तेही उलटून पडत असेल तर घरचे उपाय संपले. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसवर असतो, तेव्हा घामातूनही पाणी जातं आणि हे सगळं एका दिवसात घडू शकतं. बाई सिकलसेलची रुग्ण असेल तर दिवसही थांबू नका. पाणी कमी झालं की तिला सिकलची कळ येऊ शकते.

लघवीच्या पट्टीबद्दल एक गोष्ट. किटोन आले तर भरती, नाही आले तर घरी, असा नियम बरेच जण लावतात. किटोन म्हणजे उपाशीपणी चरबी जळून तयार होणारे पदार्थ. शरीरात पाणी किती कमी झालं ते त्यावरून कळत नाही. पट्टी कोरी आली म्हणून गळून गेलेल्या बाईला परत पाठवणं चूक आहे.

गोळीची भीती उगाच आलेली नाही. 1950 च्या दशकाच्या शेवटी थॅलिडोमाइड नावाचं औषध गरोदर बायांना मळमळीवर दिलं गेलं, हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली आणि 1961 पासून ते बाजारातून काढलं गेलं. पण आज सगळ्यात आधी दिली जाणारी डॉक्सिलामिन आणि बी-6 यांची गोळी वेगळी आहे. ती अनेक दशकं वापरात आहे आणि मोठ्या अभ्यासांमध्ये तिच्यामुळे व्यंग वाढलेलं दिसलेलं नाही. तिने झोप येते. ती हळूहळू विरघळते, म्हणून रात्री घ्यायची, तोडायची-चावायची नाही. उलटी आली की तेवढ्यापुरती घेऊन तिचा उपयोग दिसत नाही.

आता ग्लुकोजच्या बाटलीकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, जेमतेम शंभर कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त असतात. उलटीत मीठ आणि पोटॅशियम जातं, ते त्या बाटलीत नसतं. साखर जळून गेली की उरतं नुसतं पाणी, आणि रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. त्याहून वाईट म्हणजे साखर जाळायला बी-1, म्हणजे थायमिन, लागतं. त्याचा अंगातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. तेवढे दिवस ओकणाऱ्या बाईला आधी साखर दिली तर उरलेलं थायमिनही संपतं आणि मेंदूला इजा होते. बाई बरळते, एकाचे दोन दिसतात, चालताना झोकांड्या जातात, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. वेळेत थायमिन मिळालं नाही तर विसराळूपणा कायमचा राहू शकतो.

म्हणून भरती केल्यावर क्रम वेगळा असतो. आधी नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट, पहिला लिटर साधारण एक-दोन तासांत, पुढचं लघवी बघून. थायमिन शिरेतून, ग्लुकोज द्यायचंच असेल तर त्याच्या आधी. उलटीचं औषध इंजेक्शनने, कारण गोळी ठरतच नाही. पोटॅशियम रिपोर्ट पाहून, लघवी सुरू असल्याची खात्री करून, सलाईनमध्ये मिसळून हळूहळू; ते थेट शिरेत टोचलं तर हृदय थांबू शकतं. सोनोग्राफीत जुळं किंवा द्राक्षगर्भ आहे का ते दिसतं. पडून राहिलेल्या बाईच्या पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रोज एक इंजेक्शन देतात, तेव्हा "हे कशाला" म्हणून नाकारू नका. ताप, पोटात एका जागी दुखणं, लघवीला जळजळ, डोळे पिवळे, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदा सुरू झालेल्या उलट्या असतील तर कारण दुसरंच असू शकतं. हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

गाडीसाठी 102 लावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी, औषधं, भरती आणि ने-आण मोफत आहे. सुटी झाल्यावर बरं वाटतं म्हणून घरचे गोळ्या बंद करतात, आणि आठवड्याभरात बाई पुन्हा त्याच खाटेवर येते. डॉक्टर सांगतील तोवर गोळ्या चालू ठेवा आणि आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. दवाखान्याचा कागदही जपून ठेवा: पुढच्या खेपेला हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, आणि तेव्हा मळमळ सुरू होताच गोळी सुरू करता येते.