गळालेल्या मुलांना हिशोबात का धरायचं?

प्रतिक्रिया: "ताई, तुर्भ्याच्या शाळाबाह्य मुलांच्या वाचनवर्गाचा प्रस्ताव वाचला. शिक्षिकेने शिकवायचं की नोंदी भरायच्या? आणि मधेच सोडून गेलेली मुलं टक्केवारीत धरून तुम्ही आपलाच प्रकल्प पाडताय. देणगीदार पुढच्या वर्षी पैसे देईल का?"

नमस्कार दादा,

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण सगळा प्रस्ताव त्यावरच उभा आहे.

समजा, पायाभूत चाचणीत ६० मुलं-मुली आली. वय १४ ते १८, आणि गोष्ट वाचता येणारं एकही नाही. कुणी अक्षरावर अडकलेलं, कुणी शब्दावर, कुणी परिच्छेदापर्यंत पोचलेलं. सहा महिन्यांनी अंतिम चाचणीला ३५ जण हजर, त्यातले २१ गोष्ट वाचतात. अहवालात लिहिलं जातं ६० टक्के. पण दाखल झालेल्या साठांतले २१ म्हणजे ३५ टक्केच. टिकून राहतात ती बहुतेक घरची घडी जरा बरी असलेली मुलं. म्हणजे जितकी गळती जास्त, तितका पहिला आकडा देखणा दिसू शकतो. शाळाबाह्य मुलांच्या कामात हे मला अजिबात चालत नाही, कारण शाळेनेही त्यांना पटावरून असंच पुसलेलं असतं.

आता त्या २५ जणांकडे बघा. धरून चालू की ९ जण गावी किंवा वीटभट्टीवर गेले, ७ जणांच्या कामाची वेळ बदलली, ४ मुली घरकामात अडकल्या आणि ५ जणांचा पत्ता नाही. यातल्या सात जणांचं आपल्या हातात आहे. भाजी मार्केटला गाड्या रात्री लागतात, त्यामुळे तिथे हमालीला जाणाऱ्या पोराला संध्याकाळचा वर्ग जमत नाही, दुपारचा जमेल. लॉजिक मॉडेलमध्ये, म्हणजे कोणत्या कामातून कोणता बदल होईल हे मांडणाऱ्या साखळीत, "वर्ग भरले" आणि "वाचन सुधारलं" यांच्या मधे एक गृहीतक लपलेलं असतं: मूल येत राहील. साखळी तुटते ती तिथेच, म्हणून देखरेखही तिथेच हवी.

वेळेबद्दलची तुमची काळजी रास्त आहे, म्हणूनच नोंदी मोजक्या ठेवल्यात. रोजची हजेरी शिक्षिका घेते. सलग तीन वर्ग चुकले की आठवड्याच्या आत वस्तीतली कार्यकर्ती घरी जाते आणि कारण एका ओळीत लिहिते. वाचनचाचणी त्या वर्गाची शिक्षिका घेत नाही, दुसऱ्या वर्गाची घेते. आपल्या मुलाला नकळत पहिलं अक्षर सुचवलं जातंच. दर खेपेला उतारा नवा पण तेवढाच सोपा असतो, नाहीतर मुलं पाठ म्हणून दाखवतात. सोडून गेलेला जवळपास सापडला तर त्याचीही चाचणी घ्यायची.

देणगीदाराचं म्हणाल, तर दोन्ही आकडे कसे काढणार हे पैसे मागतानाच प्रस्तावात लिहिलंय, आणि वेळा बदलण्यासाठी दुसऱ्या शिक्षिकेचं मानधनही त्याच कारणाने मागितलंय. गळती दाखवलीच नसती, तर ते मानधन कशाच्या जोरावर मागितलं असतं?