खुलासा : बी.एड. आणि टीईटीचा पेपर एक

«बी.एड. झालंय ना? मग टीईटीचा पेपर एक द्या, जिल्हा परिषदेच्या पहिली ते पाचवीच्या शाळेत लागाल.» रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज.

हे बी.एड. वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरणाऱ्या 2018 च्या अधिसूचनेवर बेतलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी तो मार्ग बंद केला. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड., म्हणजे जुनं डी.एड., लागतं. त्या तारखेआधी रीतसर नेमलेल्यांना 2024 मध्ये संरक्षण मिळालं. त्याच बातमीमुळे गैरसमज झाला असावा.

समजा, राजापूरची एक मुलगी बी.एस्सी., बी.एड. आहे. पेपर एकमध्ये तिला 150 पैकी 110 गुण मिळाले, तरी पाचवीपर्यंतच्या पदासाठी ते उपयोगाचे नाहीत. तिने पेपर दोन द्यावा, सहावी ते आठवीचा, आणि अर्जात गणित-विज्ञान निवडावं. खुल्या प्रवर्गाला 90 गुण लागतात. प्रमाणपत्र आता आजीवन चालतं, त्यामुळे टीईटी आधी उरकावी. पण नुसत्या टीईटीवर नेमणूक होत नाही. पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी टेट ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. नावं सारखी, म्हणून गल्लत होते.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.