‘Proceed’ दाबण्याआधी काय जुळवून पाहायचं

“डीव्हीआरचं पान उघडताना इशारा आला तर घाबरू नका. सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट असलं की तो येतोच, त्याला काही अर्थ नसतो. यंत्र आपलं, वायफाय आपलं, Advanced दाबा आणि Proceed करा. ऑफिसातूनही तसंच. कटकट नको असेल तर https ऐवजी http टाका, इशाराच येणार नाही.”

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरबद्दलचा, म्हणजे डीव्हीआरबद्दलचा, हा मेसेज तीनदा फिरला. त्यातली पहिली गोष्ट खरी आहे, इशारा येणारच. 192.168.1.64 सारखा पत्ता हजारो घरांत असतो, म्हणून कोणतीही सार्वजनिक प्रमाणपत्र संस्था त्याला सर्टिफिकेट देत नाही. मग रेकॉर्डर स्वतःच आपलं सर्टिफिकेट बनवतो आणि क्रोम NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID दाखवतो.

पण ‘अर्थ नसतो’ हे चूक आहे. तुमचा पासवर्ड कूटबद्ध होऊनच जातो. तो नेमका कोणाकडे जातोय याची हमी ब्राउझरला देता येत नाही, एवढंच इशारा सांगतो. ती खात्री आपण स्वतः करू शकतो, आणि एकदा केली की घरात Proceed करणं रास्त आहे.

कोपरखैरण्याला काकांकडे मी ती अशी केली. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं आणि केबल थेट रेकॉर्डरच्या LAN पोर्टला लावली. मागे कॅमेऱ्यांसाठीचेही तसेच दिसणारे पोर्ट असतात, ते नव्हेत. लॅपटॉपला हाताने 192.168.1.10 पत्ता आणि 255.255.255.0 मास्क दिला, मग https://192.168.1.64 उघडलं. मध्ये फक्त केबल, म्हणजे समोर आलेलं सर्टिफिकेट रेकॉर्डरचंच. इशाऱ्याच्या पानावरच पत्त्याशेजारच्या Not secure वर क्लिक करून सर्टिफिकेट उघडता येतं. त्यातला SHA-256 ठसा, म्हणजे 64 अक्षरांची ओळ, काकांच्या डायरीत पूर्ण उतरवून घेतली. केबल पुन्हा राउटरला लावून वायफायवरून उघडलं, तर तीच ओळ. त्यानंतरच पासवर्ड टाकला.

काही महिन्यांनी काकांचा फोन आला, “अरे, ओळ जुळत नाहीये, पण पान तर तेच दिसतंय.” पान तेच दिसण्याला किंमत नाही, नक्कल करणाराही तेच पान दाखवेल. मी त्यांना पासवर्ड टाकू दिला नाही. विचारल्यावर कळलं की हार्ड डिस्क बदलायला आलेल्या तंत्रज्ञाने रेकॉर्डर फॅक्टरी रिसेट केला होता. रिसेटनंतर यंत्र नवं सर्टिफिकेट बनवू शकतं, पण तेवढ्यावर न थांबता पुन्हा थेट केबल लावली. तिथेही तीच नवी ओळ दिसली, म्हणजे बदल रेकॉर्डरमधलाच. डायरीत जुनी खोडून नवी लिहिली. केबलवर जुनी आणि वायफायवर नवी दिसली असती, तर मध्ये दुसरंच कोणी उत्तर देत होतं, आणि तिथे Proceed करणं अजिबात बरोबर नव्हतं.

या पडताळणीची एक मर्यादा आहे. काही कंपन्या एका मॉडेलच्या सगळ्या यंत्रांत एकच सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त किल्लीही घालून देतात. तसं असेल तर ती किल्ली फर्मवेअरमधून कोणीही काढू शकतो आणि ठसा जुळूनही काही सिद्ध होत नाही. ‘Issued On’ ची तारीख खरेदीच्या कितीतरी आधीची असेल आणि रिसेट केल्यावरही ठसा अक्षरशः तोच राहिला, तर मला हाच संशय येतो. (यंत्राचं घड्याळ चुकलेलं असलं तरी तारीख जुनी दिसू शकते, म्हणून नुसत्या तारखेवर जाऊ नका.) अशा वेळी सेटिंगमध्ये नवं सर्टिफिकेट बनवण्याची सोय असेल तर ते बनवायचं आणि ठसा केबलवरून नव्याने घ्यायचा.

ऑफिसातून उघडण्याचा सल्ला मला सर्वात जास्त खटकतो. ऐरोलीच्या ऑफिसातून घरचं पान उघडताना मधलं नेटवर्क आपलं नसतं, आणि मधल्या कोणी स्वतःचं सर्टिफिकेट पुढे केलं तरी इशारा हुबेहूब तोच दिसतो. डायरीतली ओळ जवळ असेल तर फरक कळेल, पण राउटरमध्ये पोर्ट उघडून ते पान बाहेर आणलं असेल तर लॉगिनचं दार जगासाठी उघडं राहतंच. बाहेरून बघायचं असेल तर राउटरवर व्हीपीएन असावा आणि रेकॉर्डरचा पोर्ट बंद.

आणि http वर इशारा दिसत नाही, कारण तपासायला सर्टिफिकेटच उरत नाही. चित्र आणि लॉगिननंतरचा सगळा व्यवहार उघडा जातो, काही यंत्रांत पासवर्डसुद्धा. सोसायटीत ज्यांनी हा बदल केला असेल त्यांनी रेकॉर्डरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये HTTPS पुन्हा चालू करावं, आणि तो पासवर्ड बदलावा.