वाळू विरुद्ध कोळसा

शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला बाईंची सूचना आली की घरातल्या घरात कोणीतरी दीर्घ श्वास घेतं. आमच्याकडे ते काम माझं.

‘आदरणीय पालक, सहावीच्या विज्ञान प्रकल्पासाठी प्रत्येक गटाने पाणी गाळण्याचे दोन फिल्टर करायचे आहेत. एक वाळूचा, एक कोळशाचा. एक लिटरच्या दोन सारख्या बाटल्या, बूड कापलेल्या. धुतलेली वाळू. लाकडी कोळसा, रव्याएवढा कुटून, धुऊन. कापूस, सुती फडके, थोडे खडे. गढूळ पाणी शाळेत मिळेल, घरून आणू नये. प्रयोग मुलांनी करायचा आहे.’ शेवटच्या वाक्याखाली रेघ होती. बाईंना आमचा पूर्वानुभव असणार.

पाच मिनिटांत ग्रुपवर प्रश्नांचा पाऊस. बाटली पाण्याची की कोल्ड्रिंकची? रवा बारीक की जाडा? एका बाबांनी घरच्या प्युरिफायरचा जुना फिल्टर आणला तर चालेल का, असं विचारलं. बाईंनी फक्त ‘नाही’ लिहिलं. पुढे नमस्काराचा इमोजीही नव्हता.

तर वाळू. आमच्या लहानपणी कुठेही घर बांधायला काढलं की रस्त्यात वाळूचा ढीग असायचा आणि त्यात आम्ही किल्ले करायचो. आता शेजारच्या बांधकामावर गेलं तर मिळते क्रश सँड, म्हणजे खाणीतला दगड यंत्रात फोडून केलेली. सुपरवायझरने मोठ्या मनाने सहा किलोची पिशवी भरून दिली. एका बाटलीला अर्ध्या किलोच्या आसपास लागते, पण फुकट मिळताना आपण कधी पुरे म्हणतो का?

ती धुवायला बाल्कनीत बसले आणि ‘धुतलेली’ या शब्दाचं वजन कळलं. बादलीत वाळू घ्यायची, पाणी ओतायचं, हाताने खळखळून ढवळायचं आणि वरचं गढूळ पाणी लगेच ओतून द्यायचं. नदीच्या वाळूचं पाणी चार-पाच वेळा बदललं की निवळतं. क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी इतकी असते की पाणी राखाडीच येत राहतं. आणि ही भुकटी राहिली तर फिल्टरमधून येणारं पाणी वर ओतलेल्या पाण्यापेक्षा घाण निघतं. शेवटी नवऱ्याने फिशटँकच्या दुकानातून तळाला घालायची बारीक वाळू आणली. ती दोनच पाण्यांत स्वच्छ झाली. सहा किलो तशीच राहिली.

कोळशाची गोष्ट वेगळीच. आमच्या इस्त्रीवाल्या काकांकडे लोणारी कोळसा असतो. त्यांनी दोन ओंजळी दिल्या, वर ‘घरी गॅस संपला का ताई?’ अशी काळजीही केली. ग्रुपवर कोणी तरी बार्बेक्यूच्या उशीसारख्या वड्या आणल्या होत्या. बाईंनी त्या परत पाठवल्या. बरोबरच होतं, कारण त्या वड्या भुकटी आणि पिठासारखा चिकट पदार्थ दाबून केलेल्या असतात. पाण्यात त्यांचा चिखल होतो.

कोळसा कुटायचा कार्यक्रम सासूबाईंच्या देखरेखीखाली, जुन्या खलबत्त्यात, फडकं झाकून. तरी स्वयंपाकघराच्या फरशीवर काळी पावलं उमटलीच, आणि ती चिरंजीवांची असल्यामुळे थेट फ्रिजपर्यंत गेली होती. धुताना कळलं की कोळसा पाण्यावर तरंगतो. बाटलीत भरून वरून पाणी ओतलं की सगळा वर येतो, आणि पाणी खालून त्याला न भेटताच निघून जातं. त्यासाठीच यादीत खडे होते! कोळशावर फडक्याची चकती, तिच्यावर खडे. बाईंच्या सूचनेतला एकही शब्द फुकटचा नव्हता.

प्रकल्पाच्या दिवशी मदतनीस पालक म्हणून मी वर्गात होते. हात मागे बांधून उभं राहायची अट होती. टेबलावर बाटल्या उलट्या, मान खाली, मानेत कापसाचा बोळा, आत दहा सेंटिमीटर वाळू किंवा तेवढाच कोळसा. बाजूला तिसरी बाटली, तिच्यात नुसता कापूस. ती कशाला, तर कापसानेच किती गाळलं हे कळावं म्हणून. नाही तर कापसाचं श्रेय वाळू घेऊन जायची.

पहिलं पाणी मातीचं. वाळूच्या बाटलीतून इतकं नितळ आलं की मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, ‘हा पेला ओतून द्या.’ मुलं हिरमुसली. मग त्यांनी समजावलं, की धुतलेल्या ओल्या वाळूत आधीचं स्वच्छ पाणी अडकलेलं असतं आणि वरून नवं ओतलं की आधी तेच ढकललं जातं. दुसऱ्या पेल्यात खरा निकाल लागला. काडीकचरा, जाड माती वर अडकलेली, पाणी बरंच उजळ, पण थोडी धूसर झाक राहिलेली. पेल्यामागे वर्तमानपत्र धरलं तर मथळा वाचता येत होता, बारीक मजकूर नाही. कुंडीतली काळी माती फार बारीक असते, ती वाळूच्या कणांमधून सहज वाट काढते. (सासूबाई असत्या तर तुरटी फिरवून अर्ध्या तासात ती खाली बसवली असती. पण तुरटी या सामन्यात नव्हती.)

दुसरं पाणी निळ्या शाईचं, लिटरला दहा थेंब. वाळूतून निळं गेलं, निळंच आलं. कोळशातून आलेलं फिकट होतं. शाई पाण्यात विरघळलेली असते, तिला चाळणीने धरता येत नाही. कोळशाच्या आतल्या असंख्य बारीक भोकांच्या भिंतींना ती चिकटते. तेही सावकाश ओतलं तरच. आमच्या गटाने घाईत अख्खा पेला उपडा केला, तेव्हा पाणी निळंच आलं. चमच्याने थेंब थेंब सोडलं तेव्हा फिकटलं. चौथ्या-पाचव्या पेल्यानंतर सावकाश ओतूनही निळाई वाढायला लागली, कारण भोकं भरत आली होती.

‘मग जिंकलं कोण?’ मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं. त्याच्या बाबांनी आदल्या रात्री ग्रुपवर हाच प्रश्न विचारला होता. बाईंनी उत्तराऐवजी दोन्ही बाटल्यांत मिठाचं पाणी ओतलं आणि खाली आलेल्यातलं मीठ मोजायला, पाण्यातून वीज किती सहज जाते ते दाखवणारा चालकता मीटर आणला. वर जेवढं मीठ, जवळजवळ तेवढंच खाली, दोन्हीकडे. चव घेऊन बघायला सरसावलेल्या दोन बोटांवर बाईंची पट्टी हवेतच थांबली. कारण फळ्यावर सर्वात वर, लाल अक्षरात लिहिलं होतं: ‘गाळलेले पाणी कोणीही पिऊ नये.’ वाळूचे मोठे फिल्टर जंतू अडवतात, पण वाळूच्या वरच्या थरात सूक्ष्मजीवांची साय धरल्यावर, आणि तिला काही आठवडे लागतात. आमची वाळू तर कालच धुतलेली.

निकालाच्या तक्त्यात ‘माती’, ‘रंग’, ‘मीठ’ असे तीन रकाने होते आणि ‘पालकांची मदत किती’ असा चौथा. चिरंजीवांनी प्रामाणिकपणे लिहिलं: ‘आई पूर्ण वेळ गप्प होती. (त्रास झाला.)’

उरलेल्या सहा किलोंची बादली बाल्कनीत आहे. ती परत न्यायला नवऱ्याला रोज सांगते. दरम्यान सोसायटीच्या बोक्याने तिचा उपयोग शोधून काढलाय, आणि आता बादलीजवळ जायला कोणीच तयार नाही.