शिक्का खरेपणाचा नसतो, शपथेचा असतो

«अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे सही केलेलं साधं निवेदन. त्यावर नोटरीचा शिक्का बसला की मजकूर खरा असल्याची सरकारी हमी मिळते. त्यामुळे घरीच सही करून ठेवा आणि नंतर कुणाच्याही हाती देऊन शिक्का मारून आणा, वेळ वाचेल.»

हा सल्ला पाळून लोक अडचणीत येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात शब्दापासून करू. अ‍ॅफिडेव्हिट हे मध्ययुगीन लॅटिनमधलं क्रियापद आहे. मुळाशी ‘फिदेस’, म्हणजे विश्वास. अर्थ होतो, ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे’. ‘मी सांगतो’ नव्हे, ‘त्याने सांगितलं’. म्हणजे सांगणारा एक आणि त्याने शपथ घेतल्याची नोंद करणारा दुसरा, ही दोन माणसं शब्दाच्या रूपातच आहेत. कागदावरही तसंच दिसतं. वरचा मजकूर प्रथमपुरुषी असतो, ‘मी असे प्रतिज्ञापूर्वक सांगते की…’. खाली सहीजवळ दुसऱ्याचा आवाज येतो, ‘माझ्यासमोर अमुक दिवशी, अमुक ठिकाणी शपथेवर सांगितले व सही केली’. या शेवटच्या नोंदीला इंग्रजी कायद्यात ‘जुराट’ म्हणतात. ती नसेल तर वरचा मजकूर कितीही खरा असो, तो साधं निवेदनच राहतो.

आता हमीचं. नोटरी मजकुराची चौकशी करत नाही, तसं करणं त्याचं कामही नाही. तो चारच गोष्टींची ग्वाही देतो: समोर आलेली व्यक्ती कागदावरचीच आहे, तिने शपथ किंवा प्रतिज्ञा घेतली, सही त्याच्यासमोर झाली, आणि हे अमुक तारखेला घडलं. खरेपणाची जबाबदारी पूर्णपणे शपथ घेणाऱ्यावर राहते. नोटरीची गरज पडते ती पुढे वाद झाला तर. विधान खोटं निघालं आणि माणूस म्हणाला, ‘सही माझी नाही, मी शपथ घेतलीच नाही’, तर काय? खोट्या शपथेचा आरोप टिकायला, शपथ देण्याचा अधिकार असलेल्या माणसासमोर ती खरोखर घेतली गेली हे दाखवावं लागतं. ज्याचा या प्रकरणात काहीही स्वार्थ नाही असा त्रयस्थ आणि त्याच्या नोंदवहीतली नोंद तेव्हा उपयोगी पडते.

घरी सही करून ठेवण्याचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो नेमकी हीच साखळी तोडतो. एक उदाहरण घ्या. एका बाईंच्या पदवी प्रमाणपत्रावर एक नाव आहे, पासपोर्टवर लग्नानंतरचं दुसरं. दोन्ही नावं आपलीच, असं त्यांना शपथेवर सांगायचं आहे. त्यांनी मजकूर तयार करावा, मुद्द्यांना क्रमांक द्यावेत, स्वतःला माहीत असलेलं आणि कागदपत्रांवरून कळलेलं वेगळं लिहावं. सही आणि तारखेची जागा मात्र कोरी ठेवावी. मग ओळखपत्र घेऊन स्वतः जावं. नोटरी ओळख पटवतो, मजकूर वाचला का, समजला का, खरा आहे का, हे विचारतो आणि शपथ देतो. त्यानंतर सही. खाडाखोड असेल तिथे दोघांची आद्याक्षरं, जोडलेल्या प्रमाणपत्रांच्या प्रतींवर खूण. शेवटी नोटरी जुराट भरतो, सही-शिक्का करतो आणि वहीत नोंद घेतो.

त्याऐवजी बाईंनी ५ तारखेला घरी सही केली आणि भावाने ८ तारखेला शिक्का मारून आणला, तर कागदच बोलतो: सहीखाली ५, आणि ‘माझ्यासमोर सही केली’ याखाली ८. तारीख जुळवून लिहिली तरी नोटरीचं विधान खोटंच राहतं. पुढे त्याला विचारणा झाली की बाईंचा कागद आणि नोटरीचा परवाना, दोन्ही धोक्यात. आधीच सही झाली असेल तर मार्ग सोपा आहे: नोटरीसमोर शपथ घेऊन पुन्हा सही करा. आणखी एक चूक मी मुद्दाम सांगतो, कारण ती सहज नजरेतून सुटते. काही वेळा नोटरीच्या मजकुरात ‘सही आपलीच असल्याचे मान्य केले’ एवढंच असतं. ती फक्त सहीची कबुली झाली. शपथेचा उल्लेख शोधा. तो नसेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

नोटरीच लागतो असं मात्र नाही. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३९ नुसार न्यायालय, दंडाधिकारी किंवा त्यासाठी नेमलेला अधिकारीही ही शपथ देऊ शकतो. नोटरी सहज सापडतो, म्हणून बहुतेक कागद त्याच्याकडे जातात. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात तर १९७६ पासून बऱ्याच कामांना शपथेविनाचं लेखी विधानही चालतं, पण ‘खोटं असल्यास खोट्या शपथेच्या शिक्षेस पात्र’ अशा अर्थाचं वाक्य आणि तारीख त्यात लिहावी लागते.