सपाट रेषेचा दावा आणि डाव्या कडेचे आकडे

«मावशी, वर्गाच्या ग्रुपवर एका बातमीतल्या आलेखाचा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, ‘1880 पासूनची पृथ्वीच्या तापमानाची रेषा बघा, अगदी सपाट आहे, म्हणजे तापमानवाढ ही थाप आहे. हा आलेख शून्यापासून काढलाय म्हणून खरा, बाकीचे ताणून काढलेले. आणि एका अंशाने काय होतं? तेवढा फरक तर सकाळ-दुपारमध्येच पडतो.’ रेषा तर खरंच सपाट दिसते. मग चूक कुठे आहे?»

सर्वप्रथम हे मान्य करायला हवे की या आलेखातील आकडे खोटे नाहीत. ‘नॅशनल रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाने डिसेंबर 2015 मध्ये हा आलेख ट्विटरवर टाकला होता, तेव्हापासून त्याचे फोटो फिरत आहेत आणि त्यातील रेषा नासाच्या नोंदींवरूनच काढलेली आहे. म्हणूनच तो पटकन पटतो. बनावट आकडा पकडता येतो. खरा आकडा चुकीच्या कागदावर मांडला, तर पकडायला काहीच हाती लागत नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर रेषेत न शोधता तिच्या डावीकडे, उभ्या अक्षावरच्या आकड्यांत शोधावे लागेल.

फोटो मोठा करून पाहा. उभ्या अक्षाच्या तळाशी उणे 10 आणि माथ्यावर 110 असे लिहिलेले आहे आणि हे अंश फॅरेनहाइटमधले आहेत. याचा अर्थ असा की एवढ्याशा उंचीत या आलेखाने 120 अंश बसवले आहेत. आता फूटपट्टी घे. तुझ्या मोबाईलच्या पडद्यावर हा अक्ष साधारण 6 सेंटीमीटर, म्हणजे 60 मिलिमीटर उंच दिसत असेल, तर एका अंशाच्या वाट्याला फक्त अर्धा मिलिमीटर येतो. 1880 च्या सुमारापासून 2015 पर्यंत पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे 1 अंश सेल्सिअसने, म्हणजे जवळपास 2 अंश फॅरेनहाइटने वाढले. ही सगळी वाढ या आलेखात 1 मिलिमीटर भरते. रेषेची स्वतःची जाडीच अर्धा मिलिमीटर असेल, तर सव्वाशेहून अधिक वर्षांची वाढ म्हणजे रेषेच्या जाडीच्या दुप्पट एवढीच उचल झाली, आणि तीही आडव्या अक्षाच्या संपूर्ण लांबीवर हळूहळू पसरलेली. डोळ्याला ती दिसत नाही यात डोळ्याचा दोष नाही. पण रेषा सपाट ‘दिसणे’ आणि तापमान स्थिर ‘असणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

हा अक्ष गरजेपेक्षा जास्त लांबवला आहे की काय, हे ठरवण्याची एक सोपी कसोटी आहे. ज्या बदलाबद्दल कोणाचाच वाद नाही असा एखादा प्रचंड बदल याच आलेखात बसवून पाहायचा. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग भरात होते. त्या काळी आजच्या कॅनडावर आणि युरोपच्या उत्तर भागावर किलोमीटरपेक्षाही जाड बर्फाचे थर होते, आणि एवढे पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. त्या हिमयुगातील पृथ्वीचे सरासरी तापमान कारखानदारी सुरू होण्यापूर्वीच्या तापमानापेक्षा साधारण 5 ते 6 अंश सेल्सिअसनेच कमी होते. 6 अंश सेल्सिअस म्हणजे जवळपास 11 अंश फॅरेनहाइट, आणि तुझ्या पडद्यावर ते भरतील साडेपाच मिलिमीटर. अर्ध्या खंडावर बर्फ चढवणारा बदल ज्या आलेखात करंगळीच्या नखाएवढाही उंच दिसत नाही, तो आलेख पृथ्वीचे तापमान दाखवण्यासाठी योग्य मापाचा नाही, एवढे तरी यावरून ठरते. माझ्या मते संपूर्ण दावा इथेच कोसळतो. तरी उरलेले मुद्दे पाहू, कारण त्यांत थोडे तथ्य मिसळलेले आहे आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहेत.

अक्ष शून्यापासून सुरू व्हावा, हा नियम खरोखर आहे; पण तो स्तंभालेखाचा आहे. स्तंभालेखात आपण स्तंभाची लांबी पाहून आकडा किती मोठा हे ठरवतो. समजा, एक स्तंभ 50 चा आणि दुसरा 52 चा आहे. तळ 49 वर कापला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसेल, आणि पाहणाऱ्याची फसवणूक होईल. रेषालेखात मात्र आपण लांबी मोजत नाही, रेषा चढते की उतरते आणि किती वेगाने, हे पाहतो. तिथे तळाशी कोणता आकडा असावा हे मोजायच्या गोष्टीवरून ठरते, ठोकळ नियमावरून नाही.

आणि गंमत अशी की, ज्या आलेखाला ‘शून्यापासूनचा’ म्हणून प्रमाणपत्र दिले जात आहे, तो शून्यापासून सुरूच होत नाही. तो उणे 10 पासून सुरू होतो. तो शून्यापासून सुरू झाला असता तरी विशेष काही साधले नसते. फॅरेनहाइट मापनातील शून्य म्हणजे ‘उष्णता अजिबात नाही’ असे नव्हे. अठराव्या शतकात फॅरेनहाइट यांनी बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाच्या तापमानाला शून्य म्हटले, म्हणून ते तिथे आहे. सेल्सिअसमध्ये तोच बिंदू उणे 18 च्या आसपास येतो. पैशांच्या किंवा माणसांच्या मोजणीत शून्य म्हणजे काहीच नसणे; या दोन्ही तापमापनांत तसे नाही.

खरे शून्य हवेच असेल, तर केल्विन मापनात जावे लागेल, जिथे शून्य म्हणजे उणे 273.15 अंश सेल्सिअस. त्या मापनात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे 287 वरून 288 वर गेले असे लिहावे लागेल. 0 ते 300 केल्विनचा अक्ष त्याच 60 मिलिमीटरमध्ये काढला, तर 2015 पर्यंतची वाढ 0.2 मिलिमीटर आणि हिमयुगाचा फरक जेमतेम सव्वा मिलिमीटर भरेल. म्हणजे ‘शून्यापासून’ हा आग्रह जितका काटेकोरपणे पाळावा, तितका आलेख निरुपयोगी होत जातो.

आता एका अंशाबद्दल. सकाळी आणि दुपारी एकाच जागी दहा-बारा अंशांचा फरक पडतो, हे अगदी खरे आहे. पण आलेखात एका जागेचे एका दिवसाचे तापमान नाही. संपूर्ण पृथ्वीवरील जमीन आणि समुद्र यांच्या नोंदींची वर्षभराची सरासरी आहे. तुझ्याकडे दुपार असते तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला रात्र असते, उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा दक्षिणेत हिवाळा असतो, आणि एखाद्या प्रदेशात थंडीची लाट असते तेव्हा दुसरीकडे उष्णतेची असू शकते. सरासरी काढताना हे चढउतार बहुतांशी एकमेकांना खोडून काढतात. म्हणूनच ही सरासरी अत्यंत संथ असते. एका वर्षापासून दुसऱ्या वर्षी ती साधारणपणे 0.1 ते 0.2 अंश सेल्सिअसने इकडे-तिकडे होते. एरवी इतक्या अल्प फरकाने हलणारी गोष्ट 1 अंशाने वर सरकून तिथेच राहते, तेव्हा तिची तुलना सकाळ-दुपारच्या फरकाशी करता येत नाही. तिच्याच नेहमीच्या हालचालीशी करावी लागते, आणि त्या मापाने हा बदल पाच ते दहा पट मोठा आहे. शिवाय हवेचा हा एक अंश म्हणजे साठलेल्या उष्णतेचा लहानसा भाग आहे. अतिरिक्त उष्णतेपैकी सुमारे 90 टक्के समुद्रांनी शोषून घेतली आहे, आणि पृष्ठभागाखाली साठलेली ती उष्णता या आलेखात येतच नाही.

मग योग्य अक्ष कोणता? इथेही नेहमीची हालचालच मदतीला येते. वर्षावर्षातले लहान चढउतार दिसावेत, पण त्यांनीच सगळा कागद व्यापू नये, असा अक्ष घ्यावा. नासा आपल्या आलेखात थेट तापमान न देता 1951 ते 1980 या काळाच्या सरासरीपासूनचा फरक देते. तिथल्या शून्याचा अर्थ ‘त्या तीस वर्षांच्या सरासरीइतके’ एवढाच असतो, हे ध्यानात ठेव. 2015 पर्यंतच्या याच नोंदींसाठी तू उणे 0.5 ते अधिक 1 अंश सेल्सिअस असा अक्ष 60 मिलिमीटर उंचीत आखलास, तर एका अंशाला 40 मिलिमीटर मिळतील. 0.1 अंशाचा वार्षिक चढउतार 4 मिलिमीटरचा दिसेल, एकूण वाढ साधारण 40 मिलिमीटरची दिसेल, आणि सपाट रेषेत लपलेला तपशीलही वर येईल: 1940 च्या दशकानंतर सुमारे तीस वर्षे तापमान फारसे वाढले नाही, आणि 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते सातत्याने चढत गेले.

याच कसोटीने उलट बाजूचे अतिरंजित आलेखही पकडता येतात. 2011 ते 2016 एवढाच तुकडा उचलला, तर रेषा जिना चढल्यासारखी उभी दिसते, कारण 2015-16 मध्ये प्रशांत महासागरात प्रबळ एल निनो होता, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा बरेच तापले होते, आणि त्याने त्या वर्षांचे तापमान आणखी वर ढकलले. याउलट 1998 पासून 2012 पर्यंतचा तुकडा घेतला, तर वाढ थांबल्यासारखी वाटते, कारण सुरुवातीचे वर्षच प्रबळ एल निनोचे होते. इथे गडबड उभ्या अक्षात नसून आडव्या अक्षाच्या दोन टोकांत असते.

फोटोच्या बाबतीत एक अडचण आणखी असते. पडद्याचा किंवा वर्तमानपत्राचा फोटो तिरपा काढला, तर लांबची बाजू आखडते आणि रेषेचा उतार बदलतो. तेव्हा मोजण्यापूर्वी आडव्या जाळीरेषांमधील अंतर डाव्या कडेला आणि उजव्या कडेला मोजून पाहा. दोन्हीकडे सारखे नसेल, तर रेषेच्या उताराकडे न पाहता तिची दोन टोके जाळीरेषांवरूनच वाचावीत. आणि फोटो कापताना डाव्या कडेचे आकडेच गेले असतील, तर त्या रेषेवरून काहीच ठरवता येत नाही, सपाटही नाही आणि चढतीही नाही.